परतीच्या वाऱ्याची नोंद

1938 च्या डिसेंबरात ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी एडनला ‘बयान’ या कुवेती गलबतावर चढला. अली बिन नासर अल-नजदी हा तिचा नाखवा. पूर्व आफ्रिकेला जाऊन हे गलबत पुढच्या उन्हाळ्यात कुवेतला परतलं, तेही केवळ शिडांच्या बळावर. व्हिलियर्सने हा प्रवास ‘सन्स ऑफ सिंदबाद’ या पुस्तकात लिहिला आहे. अशा गलबतावरच्या एखाद्या खलाशाने रोजनिशी ठेवली असती, तर एप्रिलमधलं एक पान साधारण असं असतं. पान कल्पनेतलं आहे, त्यातला व्यवहार खरा.

“रुफिजी नदीच्या मुखाशी. चिखलात उतरून तोडलेले खारफुटीचे वासे भरून झाले. खजूर कधीच विकला गेला. ईशान्येचा वारा पडला आहे. दक्षिणेकडून झुळूक येते, पाऊस पडतो, पुन्हा सगळं स्तब्ध. नाखवा म्हणतो, अजून थांबू. घरी पोचल्यावरच हिशेब होईल. आधी घेतलेली उचल वळती होईल, मग वाटा हातात पडेल.”

या पानातलं थांबणं समजलं की सगळा व्यापार समजतो. हिवाळ्यात आशियाची जमीन थंड होते आणि तिथली जड हवा समुद्राकडे वाहते. हा ईशान्येचा वारा साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत टिकतो, आणि त्याच्यावर गलबतं आफ्रिकेकडे उतरतात. उन्हाळ्यात जमीन तापली की वारा उलटतो आणि नैर्ऋत्येकडून येतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाहही त्याच्यासोबत दिशा बदलून उत्तरेकडे वाहू लागतो.

मग वाऱ्याविरुद्ध नागमोडी का जात नाहीत? या गलबतांचं तिकोनी शीड एका लांबलचक तिरक्या काठीला बांधलेलं असतं. बाजू बदलायची तर ती अख्खी काठी डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागते. खवळलेल्या समुद्रात हे काम जिवावर बेतू शकतं. मालाने भरलेलं गलबत तासातासाला असं वळवणं परवडत नाही.

म्हणून निघण्याची वेळ अचूक साधावी लागते. लवकर निघालं तर वारा नसतो, आणि पिण्याचं पाणी वाटेतच संपतं. उशीर झाला तर जूनमध्ये नैर्ऋत्य वारा वादळी होतो. त्याच वाऱ्याने कोकणातली मासेमारीही परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत बंद असे. मधले एप्रिल-मेचे आठवडेच काय ते परतीचे. दक्षिणेची झुळूक दुपारपुरती न राहता रात्रीही टिकू लागली, की नाखवा नांगर उचलायला सांगतो.

गलबत पोचलं की वासे कुवेतच्या घरांवर चढतात. झाडं कमी असलेल्या त्या प्रदेशात जुनी छपरं याच लाकडाची असत, आणि वाशाची लांबी जेवढी, तेवढीच खोलीची रुंदी धरत.