परवाना अडला? तारखा मांडा

परवान्याच्या नूतनीकरणासाठी केलेला अर्ज अडकला की बहुतेक तक्रारी ‘वारंवार हेलपाटे मारूनही दाद मिळत नाही’ अशा सुरात लिहिल्या जातात. असे पत्र फायलीला लागते आणि तिथेच राहते. महाराष्ट्रात उपयोगी पडतो तो लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची आणि त्यासाठी पदनिर्देशित अधिकारी कोण, हे त्यानुसार अधिसूचित केले जाते.

समजा, बियाणे विक्रेत्याने 2 मे रोजी नूतनीकरणाचा अर्ज केला आणि सेवेची मुदत 30 दिवसांची आहे. 1 जून उलटल्यावर त्याने एवढेच लिहावे: ‘अर्ज क्रमांक अमुक, पोच 2 मेची, मुदत संपली. त्रुटी कळवलेली नाही. सात दिवसांत निर्णय द्यावा. नाकारायचे असल्यास लेखी कारणे द्यावीत.’ सोबत पोचपावती आणि शुल्काच्या चलनाची प्रत जोडावी.

मात्र मुदत अर्ज परिपूर्ण असेल तरच मोजली जाते. एखादे कागदपत्र राहिले असेल, तर कार्यालयाला तेच निमित्त पुरते.

शिवाय, तक्रार म्हणजे अपील नव्हे. मुदत संपल्यापासून साधारण 30 दिवसांत प्रथम अपील करावे लागते. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. म्हणून उत्तराची वाट पाहत अपिलाची तारीख चुकवू नका.