पस्तीस हजारांचे सव्वीस हजार कसे होतात

जाहिरातीत ‘पॅकेज ४ ते ६ लाख’ असं छापलेलं असतं. नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा त्यातला खालचा आकडा धरतो, बाराने भागतो आणि महिन्याचा हिशेब मांडतो. पहिला पगार जमा झाला की तो हिशेब चुकल्याचं कळतं आणि कंपनीने फसवलं असं वाटायला लागतं. बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते. सगळं ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं, पण शेवटच्या पानावरच्या तक्त्यात, आणि तो तक्ता वाचायला त्याला कुणी शिवकलेलं नसतं.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीने ४,२०,००० रुपये सीटीसी देऊ केलं आहे. सीटीसी म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’, तुम्हाला कामावर ठेवण्यासाठी कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च. हा तुमचा पगार नव्हे, कंपनीच्या वहीतला खर्चाचा आकडा आहे. महिन्याला तो ३५,००० होतो. आता तक्त्यात उतरू.

सगळ्यात वर बेसिक, म्हणजे मूळ वेतन, १७,५०० रुपये. त्याखाली घरभाडे भत्ता ७,००० आणि स्पेशल अलाउन्स ४,०००. या तिन्हींची बेरीज २८,५००. हा तुमचा महिन्याचा ग्रॉस पगार. म्हणजे ३५ हजारांतले साडेसहा हजार पगाराच्या पावतीवर मिळकत म्हणून येतच नाहीत. त्यातले ३,००० व्हेरिएबल पे आहेत. ही रक्कम वर्षअखेरीस किंवा तिमाहीला, कंपनीची आणि तुमची कामगिरी पाहून मिळते, आणि कमीही मिळू शकते. शिवाय अनेक पत्रांत अट असते की वाटपाच्या दिवशी तुम्ही नोकरीत असलंच पाहिजे. २,१०० रुपये कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, म्हणजे बेसिकचे १२ टक्के. साधारण ८४० रुपये ग्रॅच्युइटीची तरतूद आणि उरलेले ५६० च्या आसपास आरोग्य विम्याचा हप्ता.

ग्रॅच्युइटीच्या ओळीशी जरा थांबायला हवं. कायम नोकरीत ही रक्कम हाती पडायला साधारणपणे सलग पाच वर्षं सेवा व्हावी लागते. दोन वर्षांनी नोकरी बदलली तर सीटीसीमध्ये मिरवलेले ते वीस हजार तुम्हाला कधीच मिळत नाहीत. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना मी ग्रॅच्युइटी आणि विमा बाजूला काढून ठेवायला सांगते, आणि व्हेरिएबल वेगळं मांडायला सांगते. ४.२ लाखांची ऑफर आणि ४ लाखांची ऑफर शेजारी ठेवल्यावर ४ लाखांची अधिक पैसे देणारी निघाली, असं बरेचदा होतं.

आता २८,५०० मधून कपात. तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २,१०० आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. एवढ्या पगारावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही. हाती येतात २६,२००. पीएफचे पैसे मात्र गेलेले नसतात. तुमचा वाटा आणि कंपनीचा वाटा तुमच्या पीएफ खात्यात साठत जातो. यूएएन क्रमांक मिळाला की पासबुक दर महिन्याला पाहावं. पगारातून पीएफ कापला जातो आहे आणि पासबुकात भरणा दिसत नाही, असं दोन-तीन महिने झालं तर लगेच विचारणा करावी.

जाहिरातीत पगाराऐवजी ‘स्टायपेंड’ असेल तर गणितच बदलतं. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला उमेदवार प्रशिक्षणार्थी असतो, कर्मचारी नव्हे. त्याला पीएफ नसतो आणि मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असंही नाही. सरकारी कंत्राटी जाहिरातींतलं ‘एकत्रित मानधन’ म्हणजे सगळं धरून एकच रक्कम, तिच्यावर महागाई भत्ता वगैरे काही वेगळं नाही.

पगाराइतकंच बारकाईने वाचायचं कलम म्हणजे प्रोबेशन आणि नोटीस पीरियड. ही दोन्ही एकत्र वाचावीत, कारण एक संपलं की दुसरं बदलतं. आपल्या नमुना पत्रात प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे. त्या काळात दोन्ही बाजूंना पंधरा दिवसांची नोटीस आणि कायम झाल्यावर नव्वद दिवसांची. सहा महिने उलटले म्हणजे आपण आपोआप कायम झालो, असं धरून चालू नये. ‘लेखी कळवल्याशिवाय प्रोबेशन चालू राहील’ असं वाक्य बहुतेक पत्रांत असतं, आणि मुदत वाढवण्याचा अधिकारही कंपनीने राखून ठेवलेला असतो. त्यामुळे कन्फर्मेशनचं पत्र मागून घ्यावं. आपण कुठल्या बाजूला आहोत हे माहीत नसेल, तर आपली नोटीस पंधरा दिवसांची की नव्वद, हेही माहीत नसतं.

समजा, कायम झाल्यावर दहाव्या महिन्यात दुसरी चांगली नोकरी मिळाली आणि ती कंपनी म्हणते, तीस दिवसांत रुजू व्हा. साठ दिवस कमी पडतात. पत्रात ‘नोटीसऐवजी वेतन भरून’ मोकळं होण्याची सोय असेल, तर पुढचा शब्द बघायचा: बेसिक की ग्रॉस? बेसिकवर दोन महिन्यांचे ३५,००० भरावे लागतात, ग्रॉसवर ५७,०००. एका शब्दापायी बावीस हजारांचा फरक. काही पत्रांत ही सोय फक्त कंपनीला असते: तिने काढायचं ठरवलं तर पैसे देऊन लगेच मोकळी, तुम्ही जायचं ठरवलं तर तिची मर्जी. हे मला अन्यायाचं वाटतं आणि सही करण्यापूर्वी नम्रपणे तसं म्हणायला हरकत नाही. नव्वदचे साठ दिवस करून देणाऱ्या कंपन्या असतात. फ्रेशर सहसा विचारतच नाहीत. नोटीस न देता निघून गेलं तर रिलिव्हिंग लेटर अडतं, आणि पुढची कंपनी पडताळणीत तेच आधी मागते.

बाँड असेल तर रक्कम आणि मुदत दोन्ही पाहा. ‘बाँडला कायद्यात काही किंमत नाही’ असं मित्र सांगतात, त्यावर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. अर्थात तो एका सरकारी बँकेतल्या अधिकारी पदाचा मामला होता, त्यावरून प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड टिकतो असा अर्थ निघत नाही. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या किंवा रुजू होण्याआधी ‘डिपॉझिट’ मागणाऱ्या ठिकाणी मात्र सहीच करू नये.

ऑफर लेटर आणि नियुक्तीपत्र यांतही फरक असतो. ऑफर सहसा सशर्त असते. शेवटच्या सत्राचा निकाल, कागदपत्रांची पडताळणी यांवर ती अवलंबून असते. रुजू होताना मिळणारं नियुक्तीपत्र पुन्हा वाचून आकडे आणि नोटीसची मुदत ऑफरशी जुळते का, ते तपासावं. त्याच्या शेवटी बहुधा एक कलम असतं: या पत्राआधी झालेलं सर्व बोलणं रद्द समजावं. मुलाखतीत कुणी सांगितलेलं असतं की सहा महिन्यांनी पगार वाढवू, रात्रपाळी देणार नाही, पुण्यातच ठेवू. या कलमानंतर त्या शब्दांना आधार उरत नाही. म्हणून सही करण्याआधी एचआरला चार ओळींचा मेल करावा: “मुलाखतीत सहा महिन्यांनी वेतनवाढीचं सांगितलं होतं, ते पत्रात दिसत नाही. कृपया समाविष्ट करावं. महिन्याला हाती किती येईल आणि नोटीसऐवजी वेतन कशावर धरता, तेही कळवावं.” फोनवर उत्तर आलं तर तेच उत्तर मेलवर लिहून ‘आपण असं सांगितलंत’ म्हणून परत पाठवावं.