इंटरनेट नेमकं कुठे अडतं?

व्हिडिओ कॉल अडखळू लागला की कस्टमर केअरवाले ट्रेसरूट काढून स्क्रीनशॉट पाठवायला सांगतात. त्या काळ्या चौकटीतला सगळ्यात मोठा आकडा हेरून बहुतेक जण तिथेच दोष ठेवतात. हा निष्कर्ष बऱ्याचदा चुकतो, आणि तो का चुकतो हे आकड्यांचा साधा तक्ता मांडला की दिसतं.

समजा, नाशिकमधल्या एका घरातून मुंबईतल्या सर्व्हरपर्यंतचा मार्ग तपासला आणि विंडोजच्या पडद्यावर हे आलं:

```
1    1 ms   <1 ms    1 ms  192.168.1.1
2   48 ms  112 ms   61 ms  10.20.0.1
3   52 ms   97 ms   70 ms  10.20.8.5
4  240 ms  236 ms  251 ms  203.0.113.9
5    *       *       *     Request timed out.
6   55 ms  104 ms   66 ms  198.51.100.20
```

प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतला एक राउटर, म्हणजे एक टप्पा. ट्रेसरूट मुद्दाम अल्पायुषी पॅकेट पाठवतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्याचं आयुष्य एकाने कमी करतो. ते शून्यावर आलं की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवणारा निरोप मागे धाडतो. हा निरोप येईपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत छापला जातो. प्रत्येक टप्प्यावर अशी तीन पॅकेट जातात, म्हणून आकडे तीन.

चित्रातून आकडे उतरवताना एक पथ्य पाळायचं: प्रत्येक ओळीत तीन नोंदी भरल्याच पाहिजेत, मग तो आकडा असो वा फुली. मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर वापरलं तर `<1` मधलं चिन्ह गळू शकतं किंवा फुली नाहीशी होऊन पुढचा आकडा तिच्या जागी सरकू शकतो. टप्प्यांचे क्रमांक सलग आहेत ना आणि शेवटची ओळ कापली गेलेली नाही ना, हेही पाहावं. शेवटची ओळ नसेल तर निदान करूच नये. ती का महत्त्वाची, ते पुढे येईलच.

तीन आकड्यांपैकी सर्वांत कमी आणि मधला घेतला की तक्ता असा होतो:

| टप्पा | सर्वांत कमी | मधला |
|---|---|---|
| १ | १ पेक्षा कमी | १ |
| २ | ४८ | ६१ |
| ३ | ५२ | ७० |
| ४ | २३६ | २४० |
| ५ | उत्तर नाही | उत्तर नाही |
| ६ | ५५ | ६६ |

चौथा टप्पा लगेच डोळ्यांत भरतो. पण सहाव्या टप्प्याचं पॅकेट चौथ्यातूनच पुढे गेलं आणि ६६ मिलिसेकंदांत त्याचं उत्तर आलं. चौथा राउटर खरोखर तुंबला असता, तर त्याच्या पुढचे आकडेही चढेच राहिले असते. राउटरचं मुख्य काम इतरांची पॅकेट पुढे ढकलणं. स्वतः निरोप लिहून पाठवण्याचं काम तो सवडीने करतो, आणि काही राउटर तर उत्तरच देत नाहीत. पाचव्या ओळीतल्या फुल्यांचाही इतकाच अर्थ, कारण त्याच्या पुढचा सर्व्हर पोचला आहे.

म्हणून शोधायची ती चढलेली आणि शेवटपर्यंत चढलेलीच राहिलेली पायरी. आपल्या तक्त्यात ती पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामध्ये आहे. पहिला टप्पा म्हणजे घरातला राउटर. तो तत्पर आहे, त्यामुळे वाय-फायवर संशय घ्यायला जागा नाही. दुसरा टप्पा कंपनीच्या बाजूचा आहे. संशय या दोघांमधल्या लाइनवर.

अंतर हे कारण असू शकत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला १० मिलिसेकंद पुरतात. नाशिक-मुंबई तर दोनशेच्या आतच. मुंबई-लंडन असतं, तर ७० मिलिसेकंदांची उडी अंतरामुळेच पडली असती आणि तिला दोष म्हणता आलं नसतं. दुसऱ्या टप्प्यावर ४८ ते ११२ असे हेलकावेही आहेत. त्यावरून पॅकेटना रांगेत थांबावं लागतंय असं दिसतं.

तीन आकड्यांवर मात्र खटला उभा राहत नाही. त्यामुळे दोन खिडक्या उघडून एकाच वेळी दोन्ही टोकांना पिंग करावं:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 10.20.0.1
```

पहिलं शांत आणि दुसरं हेलकावत राहिलं, तर संशय पक्का होतो. मग घरातली बाकी सगळी उपकरणं बंद करून एकाच संगणकावरून, शक्यतो केबल लावून, पुन्हा पाहावं. आकडे खाली आले तर रांग आपल्याच घरातल्या भारामुळे लागत होती. कुणाच्या तरी फोनवरून फोटोंचा बॅकअप चालू असला तरी अपलोडची वाट भरून जाते. तो थांबवावा किंवा रात्रीवर टाकावा. आकडे तसेच राहिले तर प्रश्न लाइनचा किंवा कंपनीच्या बाजूचा आहे.

एक मर्यादा मात्र आहे: छापलेला वेळ जाण्यायेण्याचा असतो, आणि परतीचा रस्ता वेगळा असू शकतो. लांबच्या टप्प्यावरची चढ त्यामुळे त्याच राउटरची असेलच असं नाही. पहिल्या दोन टप्प्यांमध्ये मात्र जाण्यायेण्याची लाइन सहसा एकच असते, म्हणून इथला निष्कर्ष भरवशाचा.

तक्रार करताना नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. तक्ता, दोन्ही पिंगचे निकाल आणि तपासणीची वेळ एकत्र लिहून द्या, आणि इतर उपकरणं बंद असताना तपासलं हे आवर्जून नमूद करा.