सव्वाच्या मापाची पूजा

सत्यनारायणाच्या पोथीत पहिल्याच अध्यायात प्रसादाचं साहित्य सांगितलं आहे. नारद विष्णूंना व्रताचा विधी विचारतात, तेव्हा उत्तरात केळं, तूप, दूध, गव्हाचा रवा आणि साखर येते, सारं सव्वाच्या मापानं. गहू नसेल तर तांदूळ, साखर नसेल तर गूळ, अशी सोयही आहे. पुढच्या अध्यायांत ज्यांच्यावर संकट ओढवतं, त्यांतल्या दोघांची चूक याच प्रसादाशी जडलेली आहे. म्हणून पहिल्यांदा पूजा घालणाऱ्या यजमानांनी आधी प्रसादाचा विचार करावा.

पूजा कोणत्याही दिवशी चालते, पण पौर्णिमेचा प्रघात जुना आहे. पौर्णिमा बहुतेक वेळा दोन तारखांत विभागलेली असते आणि पूजा संध्याकाळची. समजा, तिथी शनिवारी दुपारी १ वाजता लागून रविवारी सकाळी ११ वाजता संपते. मग शनिवारची संध्याकाळ धरायची.

मांडणी दुपारीच उरकून घ्यावी. चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधायचे. चौरंगावर कोरं वस्त्र, त्यावर तांदळाची रास आणि राशीवर पाण्याचा कलश. कलशात सुपारी, नाणं आणि दूर्वा घालून तोंडाशी आंब्याची पानं लावायची. त्यावर तांदूळ भरलेलं ताम्हन आणि ताम्हनात शाळिग्राम किंवा बाळकृष्ण. गणपतीची आणि नवग्रहांच्या सुपाऱ्या गुरुजी आपल्या पद्धतीप्रमाणे मांडतात. तुळस मात्र भरपूर हवी. सहस्रनाम म्हणून तुळस वाहायची असेल, तर पानं आधीच निवडून ठेवावीत.

शिरा

नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचा नाही, त्यामुळे मापच चोख हवं. पंधरा-वीस जणांना वाटीभर नव्हे, हातावर प्रसाद द्यायचा तर सव्वा वाटी जाडा रवा पुरतो. तेवढंच तूप, तेवढीच साखर आणि एक मोठं केळं घ्यावं. दूध मात्र दुप्पट, म्हणजे अडीच वाटी लागतं. सव्वा वाटी दुधात रवा शिजत नाही. सव्वाचं माप कसोशीनं पाळणारी घरं सव्वा वाटी दूध आणि तेवढंच पाणी घालतात.

तुपात रवा मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत भाजावा, कडेला तूप सुटू लागलं की केळ्याच्या चकत्या घालून परतावं. दूध उकळतं ओतावं. गार दुधानं गुठळ्या होतात. झाकण ठेवून रवा पुरता फुलू द्यावा आणि मगच साखर घालावी. घाईनं आधी साखर पडली, तर दाणा मध्ये कडकच राहतो. दाणा चमच्याखाली दाबून बघावा, चाखायची गरज पडत नाही. शेवटी वेलची.

पूजा आणि कथा

आचमन, संकल्प, गणपतीपूजन, मग कलश, शंख, घंटा आणि दिव्याची पूजा. त्यानंतर देवाला पंचामृताचं स्नान, गंध, फुलं, तुळस, धूप, दीप आणि नैवेद्य. यानंतर कथा.

गुरुजी मिळाले नाहीत, तर मराठी पोथीतून घरातल्या कोणीही कथा वाचावी. अध्याय पाच. पहिल्यात नारदाचा प्रश्न; दुसऱ्यात काशीचा गरीब ब्राह्मण आणि मोळीविक्या. तिसऱ्यात साधुवाणी संतती व्हावी म्हणून व्रत बोलतो, कलावती जन्मते, पण तो आज उद्या करत राहतो आणि जावयासह चंद्रकेतू राजाच्या कैदेत पडतो. चौथ्यात नवरा परतल्याची बातमी ऐकून कलावती प्रसाद न घेताच किनाऱ्याकडे धावते आणि नवऱ्यासह नाव दिसेनाशी होते. घरी परतून प्रसाद घेतल्यावर तो सापडतो. पाचव्यात गवळ्यांनी दिलेला प्रसाद तुंगध्वज राजा तुच्छतेनं टाकतो आणि सर्वस्व गमावतो. शेवटचे दोन अध्याय सावकाश वाचावेत. पाहुणे कंटाळून चुळबुळ करतात ते याच सुमारास, आणि व्रताचा गाभाही इथेच आहे: प्रसाद कोणाच्या हातचा आहे हे पाहायचं नाही.

आरती आणि मंत्रपुष्पांजलीनंतर तीर्थ आणि मग प्रसाद. उपास केलेल्या यजमानांनी तो घेऊनच जेवावं. लवकर निघणाऱ्यांसाठी पुड्या आधीच बांधून ठेवल्या, की दाराशी धांदल होत नाही. शेजारी, वॉचमन, कामाला येणाऱ्या मावशी यांचा वाटा आधी बाजूला काढावा.

उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी सकाळी. देवावर अक्षता वाहून कलश हलवायचा, निर्माल्य झाडांच्या मुळाशी आणि कलशातलं पाणी घरात शिंपडून उरलेलं कुंडीत. चौरंगावरचे तांदूळ गुरुजींना द्यावेत, नाहीतर घरीच शिजवावेत.