C5200 लिहिलेल्या ट्रान्झिस्टरच्या आत काय आहे?

घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्याच्या हाती कधी ना कधी पडणारा एक ट्रान्झिस्टर म्हणजे तोशिबाचा 2SC5200. त्याचा जोडीदार 2SA1943. सुट्या भागांच्या बाजारात यांच्याइतके नकली माल झालेले ट्रान्झिस्टर थोडेच असतील. म्हणून अंगावरचा नंबर वाचायचा कसा आणि त्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हे शिकायला ही जोडी चांगली.

पहिली अडचण अशी की अंगावर पूर्ण नाव नसतं. जपानी पद्धतीत ट्रान्झिस्टरचं नाव ‘2S’ने सुरू होतं आणि छापताना तेवढंच गाळलं जातं. अंगावर फक्त C5200 दिसतं. पुढचं अक्षर जात सांगतं: A आणि B म्हणजे पीएनपी, C आणि D म्हणजे एनपीएन. त्यामुळे इंटरनेटवर शोधताना 2SC5200 असं पूर्ण लिहावं आणि डेटाशीट तोशिबाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. नंबराशिवाय R किंवा O असं एखादं अक्षर असतं. तो गेनचा गट. R म्हणजे 55 ते 110, O म्हणजे 80 ते 160. उरलेली अक्षरं उत्पादनाच्या खेपेची.

नंबर सापडला, डेटाशीट मिळाली: 230 व्होल्ट, 15 अँपिअर, 150 वॅट. हे आकडे खऱ्या तुकड्याचे. नकली तुकड्यात बहुधा एखाद्या लहान, स्वस्त ट्रान्झिस्टरची सिलिकॉन चिप असते आणि वर मोठं प्लास्टिक. मल्टिमीटरच्या डायोड तपासणीत दोन्ही सारखेच दिसतात. नकली तुकडा बोर्डवर चालतोही, अगदी हळू आवाजात गाणंही वाजतं. घात होतो तो उष्णतेने.

हिशेब करून पाहू. अधिक-उणे 45 व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर, 8 ओहमचा स्पीकर. सर्वांत वाईट अवस्थेत प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये सरासरी साधारण 25 वॅट उष्णता तयार होते. खऱ्या 2SC5200 मध्ये दर वॅटमागे चिप आपल्या बाहेरच्या अंगापेक्षा सुमारे 0.83 अंशाने जास्त तापते, म्हणजे 25 वॅटला 21 अंश. अंग 70 अंशांवर असेल तर चिप 91 वर. आता आतली चिप लहान आहे आणि दर वॅटला 3 अंश तापते असं धरा: 70 अधिक 75, म्हणजे 145 अंश. 150 ही मर्यादा. हीटसिंक थोडा जास्त तापला की ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, आणि पुरवठ्याचा व्होल्टेज थेट स्पीकरवर जाऊन स्पीकरही जळतो.

म्हणून चिपचा आकार कळणं महत्त्वाचं, आणि तो न फोडता कळू शकतो. जंक्शनची कपॅसिटन्स चिपच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. सुट्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये कपॅसिटन्स मोजा. एनपीएनला मीटरची काळी तार बेसला, लाल एमिटरला. खात्रीच्या जागेहून घेतलेल्या, त्याच कंपनीच्या तुकड्याशी आकडा ताडून पाहा. तो एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी आला तर आतली चिप लहान आहे. वेगळ्या कंपनीच्या तुकड्याशी मात्र तुलना करू नका. हा नंबर इतर कंपन्याही बनवतात, आणि त्यांच्या चिपचा आकार प्रामाणिकपणेही वेगळा असू शकतो.

डोळ्यांनी पाहून मिळणारे पुरावे याहून कच्चे आहेत. अ‍ॅसिटोनने पुसल्यावर छपाई गेली, किंवा खाली घासल्याच्या रेषा दिसल्या, तर तो माल नव्याने छापलेला समजावा. पण छपाई टिकली म्हणून तुकडा खरा ठरत नाही. नकली माल बनवणाऱ्याकडेही लेझर असतो.

म्हणून खरा प्रश्न खरेदीचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ इथे रेझिस्टर, कनेक्टर, वायर, हीटसिंक बिनधास्त घ्यावेत. पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत मात्र दुकानदाराच्या ‘ओरिजिनल’ शब्दापेक्षा बिल आणि खेपेचा कागद मागावा. बऱ्याचदा त्यालाही पुढचा व्यापारी कोण हे ठाऊक नसतं, आणि तो फसवतोच असं नाही. कंपनीपासून आपल्यापर्यंतची साखळी अखंड हवी असेल तर तोशिबाच्या संकेतस्थळावरची अधिकृत वितरकांची यादी पाहावी. माउझर, डिजिकी अशा मोठ्या वितरकांकडून भारतात माल मागवता येतो. एकट्याने मागवलं तर पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क जड जातं; चार-पाच मित्रांनी यादी एकत्र केली तर परवडतं. बाजारातून घ्यायचंच असेल तर आधी तिथला भाव पाहा. निम्म्याहून कमी किमतीत ‘तोशिबा’ मिळत असेल तर तो घेऊ नका.

तरीही घ्यावा लागलाच, तर एक तुकडा जास्तीचा घ्या. घरी आल्यावर कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून तो व्हाइसमध्ये फोडा, आणि तांब्याच्या पट्टीवरची चिप खऱ्याच्या शेजारी ठेवून पाहा.