अर्ध्यावरचा आकडा

लक्ष्मीपुरीतून आणलेली व्हिनेगरची बाटली यंदा आमच्या प्रॅक्टिकलला आली. चायनीजच्या गाड्यावर दिसते तसलीच, पांढरी. लेबलवर लिहिलेलं, ॲसेटिक आम्ल 4 टक्के. एरवी मुलांना स्टोअरमधलं तयार द्रावण देतो. पण त्याचं उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलात आधीच लिहिलेलं असतं. बाटलीचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर पाऊस. कोल्हापूरच्या अशा हवेत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करायला काढल्या की काट्यावरच पाझरायला लागतात. त्या हवेतलं पाणी ओढतात, शिवाय कार्बन डायऑक्साइडही. त्यामुळे चार ग्रॅम मोजून लिटरभर पाण्यात विरघळवले म्हणजे 0.1 मोलर द्रावण झालं, असं समजायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेतले मामा, हुद्द्यानं अटेंडंट, आदल्या दिवशीच बजावतात, "सर, ऑक्झॅलिक काढून ठेवलंय, आधी त्याच्यावर बघा." ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक कोरडे राहतात, त्यांच्या वजनावर भरवसा ठेवता येतो. त्यांच्याशी ताडून आम्ही आमचं द्रावण नेमकं 0.1 मोलरवर आणलं.

व्हिनेगर 10 मिलिलिटर घेऊन 100 पर्यंत पाणी घातलं आणि त्यातलं 25 मिलिलिटर पिपेटनं बीकरमध्ये सोडलं. पीएच मीटर 4 आणि 7 च्या बफरवर लावून घेतला. इलेक्ट्रोडचा काचेचा फुगा धुतला आणि टिश्यूनं नुसता टिपला. तो घासून पुसला की आकडा बराच वेळ स्थिर होत नाही. ब्युरेटच्या तोटीखालचा हवेचा बुडबुडा काढणं मुलं हमखास विसरतात. टायट्रेशन चालू असताना तो सुटला, तर तेवढं माप न पडताच पडल्यासारखं वाचलं जातं.

सुरुवातीचा पीएच आला 2.96. याच संहतीचं हायड्रोक्लोरिक असतं तर तो 1.2 च्या आसपास आला असता. दुबळं आम्ल म्हणजे पातळ आम्ल नव्हे. आम्ल तेवढंच आहे, पण त्याचे बहुतेक रेणू आपला हायड्रोजन धरून बसलेत. शंभरातल्या जेमतेम दीड रेणूंनी तो सोडलाय.

मग मिलिलिटर मिलिलिटरनं अल्क घालायला सुरुवात केली. पहिल्या एक-दोन मिलिलिटरला पीएच जरा उसळतो आणि मग जो रेंगाळतो, की पोरं कंटाळतात. आठ मिलिलिटर, नऊ मिलिलिटर, आणि फरक काय तर 0.1. "सर, मीटर अडकलाय," असं कुणीतरी म्हणतंच. अडकलेला नसतो. बीकरमध्ये आता आम्लही आहे आणि त्यापासून झालेलं ॲसिटेटही. आलेला अल्क आम्ल गिळतं आणि पीएच फारसा हलत नाही. बफर म्हणतात तो हाच. या पट्ट्यात एकच सूत्र चालतं:

pH = pKa + log([CH3COO-]/[CH3COOH])

निम्मं आम्ल संपलं की दोन्ही सारखे होतात, गुणोत्तर 1, त्याचा लॉग शून्य. उरतो तो पीकेए, म्हणजे हे आम्ल किती दुबळं आहे ते सांगणारा आकडा. गंमत अशी, की या बिंदूवरून जाताना तो ओळखू येत नाही. रंग बदलत नाही, उडी येत नाही. पुढे सगळं आम्ल संपल्यावर, मागे वळून अर्धं करायचं, तेव्हा कळतं की निम्मं केव्हा झालं होतं.

म्हणून सोळाच्या पुढे थेंबाथेंबानं जायचं. आमच्या वहीतले आकडे असे: 17.0 ला 6.6, 17.1 ला 6.9, 17.2 ला 8.6, 17.3 ला 10.3, 17.4 ला 10.6. ब्युरेटचे दोन थेंब म्हणजे साधारण 0.1 मिलिलिटर. आधी अख्ख्या मिलिलिटरला 0.1 हलणारा पीएच इथे दोन थेंबांत 1.7 नं उडतो. सर्वांत मोठ्या दोन उड्यांच्या मधोमध आहे 17.2. तुल्यबिंदू तोच.

इथे एका मुलीनं विचारलं, "आम्ल संपलं, अल्क उरलेला नाही, मग पीएच 7 का नाही?" कारण बीकरमध्ये नुसतं पाणी राहिलेलं नाही, ॲसिटेट आहे. ज्या रेणूला हायड्रोजन सोडायचं जिवावर येत होतं, तो सोडल्यावर परत मिळवायला बघणारच. ॲसिटेट पाण्याकडून थोडा हायड्रोजन घेतं आणि मागे हायड्रॉक्साइड राहतं. हिशेब मांडला: 1.72 मिलिमोल ॲसिटेट 42.2 मिलिलिटरमध्ये, म्हणजे 0.041 मोलर, त्यावरून पीएच येतो 8.68. मीटरचा 8.6 त्याच्याशी जुळला.

शेजारच्या टेबलावरच्या एका गटाला मीटर मिळाला नव्हता. त्यांनी सवयीनं मिथिल ऑरेंज टाकलं आणि सहा मिलिलिटरच्या आतच द्रावण पिवळं झालं. त्यांच्या हिशेबानं व्हिनेगर 1.4 टक्के. "सर, दुकानदारानं फसवलंय!" दुकानदाराचा दोष नव्हता. मिथिल ऑरेंज 4.4 लाच पिवळं होऊन मोकळं होतं, तेव्हा दोन तृतीयांश आम्ल शिल्लक असतं. रंग एका थेंबाला न पालटता रेंगाळत बदलला, तेव्हाच शंका यायला हवी होती. फिनॉल्फथॅलिन 8.2 च्या पुढे गुलाबी होतं, म्हणजे नेमकं उडीच्या पोटात. तेही मिनिटाभरानं फिकं पडतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. म्हणून अर्धा मिनिट टिकलेला पहिला फिका गुलाबी धरायचा, आणि नंतर रंग उडाला तरी आणखी थेंब टाकायचा नाही.

आता निम्म्याकडे वळू. 17.2 चं निम्मं 8.6. आलेखावर तिथला पीएच 4.69. पुस्तकात 25 अंशांना 4.76. हे 0.07 मुलं खोडरबरानं सुधारतात, आणि माझा राग येतो तो तिथेच. पुस्तकातला आकडा अतिविरल द्रावणाचा आहे. आपल्या बीकरमध्ये सोडियमचे आणि ॲसिटेटचे आयन दाटीनं आहेत, त्या दाटीचा परिणाम हिशेबानं जवळजवळ एवढाच येतो. 4.69 हेच बरोबर रीडिंग आहे.

शेवटी मुलांना एक करून दाखवलं. व्हिनेगरचे 25 मिलिलिटरचे दोन सारखे भाग घेतले. एकात फिनॉल्फथॅलिन टाकून तो फिका गुलाबी होईपर्यंत अल्क घातला, ब्युरेटचा आकडा न वाचता. मग दुसरा, न शिवलेला भाग त्यात ओतला. गुलाबी क्षणात गेला. आता जेवढं आम्ल तेवढंच ॲसिटेट, म्हणजे मापं न घेताच आपण बरोबर अर्ध्यावर आलो. इलेक्ट्रोड बुडवला तर 4.70. अल्काची संहती चुकली असती तरी हा आकडा बदलला नसता. व्हिनेगरचे दोन भाग तेवढे सारखे हवेत.

टक्केवारीला मात्र संहती लागतेच. 1.72 मिलिमोल 25 मिलिलिटरमध्ये, दहापट विरल केलेलं, म्हणजे मूळ व्हिनेगर 0.688 मोलर, लिटरला 41.3 ग्रॅम. लेबलवर 4 टक्के, आमच्या वहीत 4.13.