पुरवठादाराकडे जादा गेलेली रक्कम: परतावा मागायचा की क्रेडिट नोट?

पुरवठादाराला द्यायच्या रकमेपेक्षा जास्त पैसे जाण्याचे प्रकार दोन. पहिल्यात बिल बरोबर असते, पण पैसे जास्त जातात. तेच बिल आधी व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून आणि मग मालाबरोबरच्या प्रतीवरून असे दोनदा नोंदले जाते, ऑर्डरच्या वेळी दिलेला अॅडव्हान्स वजा करायचा राहतो, किंवा रक्कम टाइप करताना आकडा चुकतो. दुसऱ्या प्रकारात पैसे बिलाप्रमाणेच जातात, पण बिलच जास्तीचे असते: ठरलेल्यापेक्षा दर जास्त लागलेला असतो, आलेल्या मालापेक्षा वजन जास्त धरलेले असते किंवा कबूल केलेली सूट दिलेली नसते. पुरवठादाराला कळवताना या दोन्हींची गल्लत झाली की पत्रव्यवहार लांबतो. पहिल्या चुकीवर उपाय परताव्याचा किंवा पुढच्या बिलातून वळते करण्याचा. दुसऱ्या चुकीत आधी क्रेडिट नोट लागते.

क्रेडिट नोट म्हणजे विक्रेत्याने आपल्याच बिलाची रक्कम कमी करण्यासाठी काढलेला कागद. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे बिलातली करपात्र किंमत किंवा कर वाजवीपेक्षा जास्त लागला असेल, माल परत आला असेल किंवा कमी भरला असेल, तर विक्रेता ती काढू शकतो. बिल बरोबर असून पैसेच जास्त आले असतील तर विक्रीची किंमत आणि कर दोन्ही बरोबरच असतात. अशा वेळी जीएसटीची क्रेडिट नोट काढली तर बरोबर असलेले बिल उगाच कमी होते आणि दोन्हीकडची विवरणपत्रे बिघडतात. ती जादा रक्कम पुरवठादाराच्या वहीत फक्त ग्राहकाची जमा शिल्लक म्हणून राहते.

दोन्ही चुका एकाच व्यवहारात कशा होतात, हे एका नमुन्याच्या व्यवहारावरून स्पष्ट होते. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपने पुण्याच्या व्यापाऱ्याकडे १,२०० किलो एम.एस. पाइपची ऑर्डर दिली. दर ठरला किलोला ६२ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. ऑर्डरबरोबर २५,००० रुपये अॅडव्हान्स गेला. माल आला, पण बिल ६५ रुपये दराने लागले: माल ७८,००० रुपये, कर १४,०४० रुपये, एकूण ९२,०४० रुपये. महिन्याभराने हिशेबनिसाने बिलावरची पूर्ण रक्कम एनईएफटीने पाठवली. दर तपासला गेला नाही आणि अॅडव्हान्सही वजा झाला नाही.

६२ रुपये दराने मालाची किंमत ७४,४०० रुपये, कर १३,३९२ रुपये आणि बिल ८७,७९२ रुपयांचे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात अॅडव्हान्स धरून १,१७,०४० रुपये गेले, म्हणजे २९,२४८ रुपये जास्त. त्यातले २५,००० रुपये पैसे पाठवण्याच्या चुकीचे आहेत आणि ४,२४८ रुपये बिलातल्या चुकीचे. या ४,२४८ मध्ये मालाच्या किमतीचे ३,६०० आणि कराचे ६४८ रुपये आहेत.

ही फोड पत्रात दिसली नाही तर काय होते, ते व्यापाऱ्याचे लेजर पाहिले की कळते. त्याच्या वहीत बिल ९२,०४० रुपयांचे आणि जमा १,१७,०४० रुपयांची. म्हणून त्याला ग्राहकाची जमा फक्त २५,००० रुपये दिसते. वर्कशॉपने नुसते ‘२९,२४८ रुपये परत करा’ असे लिहिले, तर त्याचा हिशेबनीस २५,००० रुपयांवर बोट ठेवील आणि उरलेल्या रकमेवरून वाद सुरू होईल. ४,२४८ रुपयांची क्रेडिट नोट वहीत पडल्यावरच त्याचीही शिल्लक २९,२४८ दाखवते. म्हणून पत्रात आधी क्रेडिट नोट मागायची आणि मग पूर्ण रकमेचा परतावा.

पत्र लिहिण्याआधी स्वतःच्या नोंदी तपासाव्या लागतात. त्या पुरवठादाराचे लेजर बँकेच्या स्टेटमेंटशी ओळीने ताडून पाहायचे. पैसे खात्यातून खरेच गेले का, एनईएफटी फसून परत तर आली नाही ना, आणि त्याच पुरवठादाराचे दुसरे एखादे बिल देणे तर नाही ना, हे पाहायचे. दुसरे बिल बाकी असेल तर जादा वाटणारी रक्कम त्यानेच त्या बिलापोटी जमा धरलेली असू शकते. पैसे भलत्याच खात्यावर गेले असतील तर मामला वेगळा. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, त्यामुळे तेव्हा लगेच आपल्या बँकेकडे लेखी तक्रार द्यावी लागते. पुरवठादाराच्या खात्यावर जमा झालेली रक्कम मात्र बँक परस्पर मागे घेत नाही. ती त्याच्याकडेच मागावी लागते.

आधी फोन करण्यात गैर काही नाही, पण त्यावर विसंबून राहू नये. पत्र किंवा ई-मेल पुरवठादाराच्या हिशेब विभागाला पाठवावे आणि त्याची प्रत ज्याच्याशी ऑर्डर ठरली त्या विक्री प्रतिनिधीला द्यावी, कारण ठरलेला दर त्यालाच ठाऊक असतो. या व्यवहारातले पत्र असे लिहिता येईल:

‘विषय: बिल क्र. ३१८, दि. १४ जून २०२५ पोटी जादा गेलेल्या रकमेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि. वरील बिलापोटी आमच्याकडून २ जून रोजी रु. २५,००० (अॅडव्हान्स) आणि १० जुलै रोजी रु. ९२,०४० असे एकूण रु. १,१७,०४० आपल्या खात्यात जमा झाले आहेत. अॅडव्हान्स वजा करण्याचे आमच्याकडून नजरचुकीने राहिले. तसेच आमच्या ऑर्डरप्रमाणे दर किलोला रु. ६२ असताना बिलात तो रु. ६५ लागला आहे.

तरी दरफरकाची रु. ४,२४८ ची (किंमत रु. ३,६००, सीजीएसटी रु. ३२४, एसजीएसटी रु. ३२४) क्रेडिट नोट बिल क्र. ३१८ च्या संदर्भाने काढावी आणि एकूण रु. २९,२४८ आमच्या ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात १५ दिवसांत परत करावी. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, बँक स्टेटमेंटचा उतारा, ऑर्डरची प्रत आणि आमच्या वहीतील आपले लेजर सोबत जोडले आहे. आपल्या नोंदीत फरक आढळल्यास आपल्याकडील लेजर पाठवावे, ही विनंती.

कळावे.’

या पत्रात कोणाची चूक, याची चर्चा नाही. स्वतःकडून काय राहिले ते एका वाक्यात आले आहे आणि बिलातली चूक ऑर्डरच्या आधाराने दाखवली आहे. यूटीआर हा प्रत्येक बँक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक. तो मिळाला की समोरच्याला आपल्या स्टेटमेंटमध्ये ती नोंद चटकन सापडते. बँकेच्या अॅपचा स्क्रीनशॉट मात्र पुरावा म्हणून अपुरा पडतो. जादा पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून ‘परतावा’ भलत्याच खात्यावर मागण्याची फसवणूक चालते, त्यामुळे जाणता पुरवठादार आधी स्वतःचे स्टेटमेंट पाहतो आणि पैसे आले त्याच खात्यावर परत करतो.

परताव्याऐवजी पुढच्या बिलातून वळते करून घेणे दर महिन्याला व्यवहार असेल तर सोयीचे. पण तेही लेखी ठरवून घ्यावे. न सांगता पुढचे बिल कापून दिले तर पुरवठादाराच्या वहीत ते बिल अर्धवट थकलेले दिसते आणि वसुलीचे फोन सुरू होतात. एकदाच केलेल्या खरेदीत किंवा पुढची ऑर्डर अनिश्चित असेल तेव्हा परतावाच मागावा.

अनेक व्यापारी अशा वेळी स्वतः डेबिट नोट काढून पाठवतात. आपल्या वहीपुरता आणि मागणीचा कागद म्हणून ती चालते, पण तिने पुरवठादाराचा कर कमी होत नाही. जीएसटीत त्यासाठी त्याचीच क्रेडिट नोट लागते. ती त्याने विवरणपत्रात दाखवली की खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटते. वर्कशॉपने १४,०४० रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले असेल तर त्यातले ६४८ रुपये तेव्हा उलटवावे लागतात. त्या २५,००० रुपयांवर मात्र असे काहीच करावे लागत नाही. ‘जीएसटी कापून परत करतो’ असे पुरवठादार म्हणाला तर ते बरोबर नाही, कारण त्या रकमेवर त्याने कर भरलेलाच नसतो. मालाच्या अॅडव्हान्सवर सर्वसाधारणपणे जीएसटी लागत नाही. ही सवलत नोव्हेंबर २०१७ पासून आहे. सेवांच्या अॅडव्हान्सवर मात्र तो लागतो.

करासह क्रेडिट नोटला मुदत असते. ज्या आर्थिक वर्षातली विक्री, ते संपल्यानंतर येणारी ३० नोव्हेंबर किंवा विक्रेत्याने वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यातली जी आधी येईल ती. जून २०२५ च्या बिलासाठी ही मर्यादा फार तर ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत जाते. त्यानंतर विक्रेत्याला कर कमी करून घेता येत नाही. मग तो फार तर ३,६०० रुपयांची, कर न दाखवणारी व्यापारी क्रेडिट नोट देतो आणि ६४८ रुपयांच्या क्रेडिटला हात लावावा लागत नाही.

पैसे परत मिळण्याचा हक्क पुरवठादाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकीने मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे. कायद्यातच दिलेले उदाहरण दुहेरी भरण्याचे आहे: दोघांनी मिळून देणे असलेले शंभर रुपये एकाने दिले आणि ते माहीत नसल्याने दुसऱ्यानेही दिले, तर घेणाऱ्याने दुसऱ्याचे पैसे परत करावेत. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. चुकीच्या प्रकरणात ती चूक लक्षात आल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर जेव्हा लक्षात आली असती तेव्हापासून मोजतात. ताळा कित्येक वर्षे घेतलाच नाही, हे कारण म्हणूनच टिकणे कठीण. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर पहिल्या पत्राचा हवाला देऊन स्मरणपत्र, आणि तेही वाया गेले तर वकिलामार्फत नोटीस, हा पुढचा क्रम.

रक्कम आल्यावर ती ‘इतर उत्पन्न’ म्हणून न नोंदता त्याच पुरवठादाराच्या खात्याला जमा द्यायची. क्रेडिट नोटची नोंद झाल्यावर त्याच्या खात्यात २९,२४८ रुपये नावे दिसतात. परतावा नोंदला की शिल्लक शून्य होते. पुरवठादाराकडून लेजर मागवून तिथेही शून्य असल्याची खात्री केली, म्हणजे मार्चअखेर खातेजुळवणीत हा फरक पुन्हा निघत नाही.